थायरॉइडची गोळी वाढवली तरी टीएसएच खाली यायना, "उपाशीपोटी" म्हणजे नेमकं कसं घ्यायचं?

मांजराकाठ (लातूर)
नमस्कार मंडळी. आईचं वय ५६, थायरॉइडची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू आहे आणि इतके दिवस ७५ वर सगळं व्यवस्थित होतं. या वर्षी रिपोर्ट केला तर टीएसएच ११.८, डॉक्टरांनी गोळी १०० ची केली, दोन महिन्यांनी परत रक्त दिलं तर ९.६. आता डॉक्टर १२५ करू म्हणायलेत. आई एक दिवस सुद्धा गोळी चुकवत नाही, हे मी स्वतः बघतो, सकाळी उठली की पहिलं काम तेच. गोळीच्या बाटलीवर उपाशीपोटी लिहिलंय आणि ती उपाशीपोटीच घेती. गुडघ्याची गोळी मात्र जेवल्यावर, गॅसची जेवणाआधी, कॅल्शियमचं कोणी काही सांगितलंच नाही. काही गोळ्या उपाशी आणि काही जेवून हे ठरवतं कोण आणि कशावरून, हे कुणी नीट सांगेल का? कारण समजलं तर तिला समजावता येईल, नाहीतर ती म्हणती पोटात गेलं म्हणजे झालं.

बीडचे_काका
साधी गोष्ट आहे भाऊ. रिकाम्या पोटी गोळी लवकर लागते आणि जास्त जोरात लागते, म्हणून ज्या औषधाचा जोर पाहिजे ते उपाशी देतात आणि बाकीचं जेवल्यावर. पण माझं म्हणणं विचाराल तर रिकाम्या पोटी कुठलीच गोळी घेऊ नये, आतडं जळतं. मी बीपीची असो नाहीतर अंगदुखीची, आधी दोन बिस्किटं खातो मग गोळी. आईला पण दोन बिस्किटं द्या, काही होत नाही.

औषधवाला_परभणी
काका, अर्धं बरोबर आहे तुमचं. रिकाम्या पोटी बरीच औषधं लवकर आत जातात हे खरं, पण बिस्किटाचा सल्ला थायरॉइडच्या गोळीला देऊ नका, तिथं तो नुकसानच करतो.

मांजराकाठ भाऊ, माझं परभणीत मेडिकल आहे आणि तुमच्या आईसारखी केस काउंटरवर नेहमी येते. आधी मला तीन गोष्टी सांगा. गोळी कशासोबत घेतात, साध्या पाण्यासोबत का चहासोबत? घेतल्यावर किती वेळाने पहिला घास किंवा घोट पोटात जातो? आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, इतके दिवस ७५ वर टीएसएच चांगला होता म्हणता, मग तो बिघडायच्या आधी दोन-चार महिन्यांत कुठली नवीन गोळी सुरू झाली होती का?

मांजराकाठ (लातूर)
आईला विचारून लिहितोय. साडेपाचला उठते, चूळ भरते, चहा टाकते आणि चहाच्या पहिल्या घोटासोबत गोळी. सोबत खारी नाहीतर टोस्ट. आणि हो, दिवाळीनंतर गुडघे दुखायले म्हणून हाडाच्या डॉक्टरांकडं गेलो होतो तेव्हा कॅल्शियम सुरू झालंय आणि गॅसची पण गोळी. ती सगळ्या गोळ्या एकदमच हातावर घेऊन घेते, थायरॉइड, गॅस, कॅल्शियम, म्हणती सकाळीच एकदा उरकून टाकलं की दिवसभर डोक्याला ताप नाही.

औषधवाला_परभणी
मग १२५ करायच्या आधी थांबा. गोळी कमी पडत नसावी, ती आत जातच नसावी.

जरा सविस्तर लिहितो. थायरॉइडच्या गोळीत औषध असतं १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग. आपल्याला जी गोळी दिसते ती बहुतेक सगळी नुसती भर असते. हे औषध पोटात विरघळतं आणि लहान आतड्यातून रक्तात जातं, अगदी रिकाम्या पोटी साध्या पाण्यासोबत घेतलं तरी साधारण ७०-८० टक्केच. पोटात अन्न असलं, चहा-कॉफी असली की हा आकडा आणखी खाली येतो, आणि रोज सारखाच खाली येत नाही, एक दिवस खारी जास्त एक दिवस कमी, त्यामुळं रक्तातलं प्रमाण डगमगत राहतं.

आता त्यात कॅल्शियम बघा. ५०० मिलिग्रॅमची कॅल्शियमची गोळी म्हणजे थायरॉइडच्या औषधाच्या पाच हजार पट वजन झालं. दोन्ही एकत्र आतड्यात गेले की कॅल्शियम त्या औषधाला चिकटतं, आणि चिकटलेलं औषध आतड्याच्या भिंतीतून पलीकडं जात नाही, तसंच संडासवाटे निघून जातं. लोहाची गोळी पण हेच करते. म्हणून या दोन्हींपासून थायरॉइडची गोळी किमान ४ तास लांब ठेवायची.

आणि यातली वाईट गोष्ट म्हणजे कॅल्शियमचंही नुकसानच चाललंय. आपल्याकडं बहुतेक वेळा मिळतं ते कॅल्शियम कार्बोनेट, त्याला विरघळायला पोटातलं ॲसिड लागतं आणि ॲसिड जेवणाच्या वेळी जास्त सुटतं. म्हणून ते भाकरीसोबत घ्यायचं. तुमच्या आई एका हातावर दोन गोळ्या घेतात, त्यातल्या एकीला रिकामं पोट पाहिजे आणि दुसरीला भरलेलं. दोघींचंही काम होईना. (गोळीच्या पट्टीवर सायट्रेट लिहिलं असेल तर त्याला जेवणाची सक्ती नाही, पण थायरॉइडपासूनचं ४ तासांचं अंतर तसंच.)

जालनेकर
छान माहिती. माझं पण विचारतो, मी ट्रक चालवतो, कंबर धरली की डायक्लोफेनॅक घेतो. रिकाम्या पोटी कधीच नाही, ढाब्यावर पोटभर जेवूनच. मग आठवड्यातून चार-पाच वेळा घेतली तरी चालते ना? जेवल्यावर तर पोटाला लागत नाही.

औषधवाला_परभणी
दादा, नाही. इथं जेवायचं कारण वेगळं आहे म्हणून नीट समजून घ्या. पोटाच्या आतल्या बाजूला चिकट थर असतो, तो पोटाला स्वतःच्याच ॲसिडपासून वाचवतो. दुखणं ज्या रसायनामुळं होतं त्याच जातीच्या रसायनामुळं हा थर पण तयार होतो, आणि दुखण्याची गोळी दोघांनाही बंद करते. ती रक्तात जाऊन बंद करते, नुसती पोटात घासून नाही. म्हणून जेवल्यावर घेतली तर जळजळ, मळमळ कमी वाटते एवढंच, अल्सरचा धोका काही जात नाही. इंजेक्शन घेतलं तरी तो असतो. संडास डांबरासारखी काळी आणि चिकट झाली, किंवा उलटीत कॉफीच्या गाळासारखं काही दिसलं, तर गाडी बाजूला लावा आणि सरळ दवाखान्यात जा. आणि कंबर इतक्या वेळा धरत असेल तर एकदा दाखवूनच घ्या, किडनीवर पण ही गोळी ताण आणते.

परळीची_माहेरवाशीण
मला एक शंका आहे. माझ्या सासूबाई संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार सगळे उपास करतात. त्या म्हणतात उपासाच्या दिवशी दिवसभर उपाशीच असते तर थायरॉइडची गोळी कधीही घेतली तर चालते, दुपारी साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर घेतात. गोळीने उपास मोडतो का हे पण विचारतात.

औषधवाला_परभणी
उपास मोडतो का हे घरच्या मोठ्यांना विचारा, पण खिचडीनंतर घेऊ नका सांगा. साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, दूध, भगर, राजगिऱ्याचा लाडू, पोटाच्या हिशोबानं हे सगळं जेवणच. शेंगदाण्याच्या कुटानं तर पोट उशिरा रिकामं होतं. सकाळी उठल्या उठल्या पाण्यासोबत घेऊ द्या, पाणी चालत असेल तर काही अडचण नाही.

आणि त्यांना शुगर असेल तर ते वेगळं प्रकरण आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवा नाहीतर न जेवा. ती घेतली आणि घास पोटात गेला नाही तर शुगर खाली जाते, घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधारी, माणूस बरळायला लागतो. उपासाच्या दिवशी ती गोळी किती घ्यायची, घ्यायची का नाही, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवायचं, त्या दिवशी सकाळी ठरवायचं नाही.

देगलूरनाका (नांदेड)
भाई हाच सवाल माझा रमजानचा आहे. अम्मीला थायरॉइड आहे. सहरीला उठतो तेव्हा टाइम कमी असतो, गोळी घेऊन अर्धा तास बसणं जमत नाही, आणि इफ्तारला घेतली तर खजूर, फळं, भजी सगळं सोबतच. मागच्या रमजाननंतर टीएसएच वाढून आला होता. रात्री झोपताना दिली तर चालते का?

औषधवाला_परभणी
चालते. रात्रीच्या जेवणानंतर ३ तास काही न खाता झोपताना घेतली तर तेवढाच गुण येतो. इफ्तार आणि रात्रीचं जेवण लवकर आटपत असेल तर झोपताना, नाहीतर सहरीला सगळ्यात आधी उठल्या उठल्या गोळी घेऊन मग स्वयंपाकाला लागायचं, जेवेपर्यंत अर्धा तास तसाच निघतो. यातलं जे महिनाभर रोज एकसारखं जमेल ते धरा. कोणती वेळ जास्त चांगली यावर डॉक्टरांचं एकमत नाही, तुमच्या डॉक्टरांना कळवून वेळ बदला म्हणजे रिपोर्ट वाचताना त्यांना अंदाज राहील.

बीडचे_काका
औषधवाले, एक विचारू का. गॅसची गोळी पण उपाशीपोटी आणि थायरॉइडची पण उपाशीपोटी, मग या दोन्ही तर सोबत चालतील ना? दोन्हीला एकच नियम आहे.

औषधवाला_परभणी
काका, फार चांगला प्रश्न विचारलात. नियम एकसारखा दिसतो पण कारण उलटं आहे. थायरॉइडच्या गोळीला अन्न नकोच असतं. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्यांना मात्र थोड्या वेळाने अन्न यायलाच पाहिजे असतं. पोटात ॲसिड सोडणारे जे पंप असतात ना, त्यातला चालू असलेला पंपच ही गोळी बंद करू शकते, झोपलेल्या पंपाला ती काही करत नाही. जेवायला बसलं की पंप चालू होतात, त्या वेळी औषध रक्तात हजर पाहिजे, म्हणून जेवणाआधी अर्धा ते एक तास. गॅसची गोळी सकाळी घेऊन दुपारी बारापर्यंत काही न खाणारे लोक मी बघतो, ते म्हणतात गोळीचा गुणच येईना, कसा येणार.

आता सोबत घ्यायची का, तर कॅल्शियमसारखं काही चिकटत नाही, पण ॲसिड कमी झालं की थायरॉइडची गोळी नीट विरघळत नाही. रोज महिनोन् महिने गॅसची गोळी चालू असेल तर काही लोकांचा टीएसएच वाढतो. थायरॉइडची आधी घेऊन अर्ध्या तासाने गॅसची द्या असं काही डॉक्टर सांगतात, काही म्हणतात सोबत चालेल, डोस बघून घेऊ. आमच्याकडं दोन्ही प्रकारच्या चिठ्ठ्या येतात. माझा प्रश्न उलटा असतो, ही गॅसची गोळी अजून लागतेच का? बऱ्याचदा दुखण्याच्या गोळीसोबत पंधरा दिवसांसाठी लिहिलेली असते आणि लोक ती वर्षभर घेत राहतात.

उदगीरकर
वाचायला जरा उशीर झाला. कुठंतरी वाचलं होतं की सोयाबीन थायरॉइडला चालत नाही. आमचा तर सगळा पट्टा सोयाबीनचा. घरी गव्हात १० किलोला १ किलो सोयाबीन घालून दळतो, तेल पण सोयाबीनचंच. बायकोला थायरॉइड आहे. सगळं बंद करायचं का?

औषधवाला_परभणी
बंद काही करू नका. तेलात गोळीला अडवणारं काही येत नाही, अडवणारा भाग पेंडीत राहतो. सोयाबीन घातलेल्या पिठाची पोळी मात्र गोळीच्या पाठोपाठ खाऊ नये, सोयाबीन आतड्यात हे औषध अडवतं. सकाळी सहाला गोळी आणि नऊ-दहाला पोळी असं असेल तर काळजीचं कारण नाही. आणि जे प्रमाण घालता ते रोज तेच ठेवा. कधी भरपूर कधी अजिबात नाही असं केलं की डोस बसायला त्रास होतो.

मांजराकाठ (लातूर)
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना भेटून आलो. कॅल्शियम दुपारच्या जेवणात टाकलंय, थायरॉइड उठल्या उठल्या साध्या पाण्याने आणि चहा पाऊण तासाने. आईला चहा लांबवणं जड जायलंय पण काकड आरतीला देवळात जाऊन येते तेवढ्यात वेळ निघतो. डॉक्टर म्हणाले डोस १०० वरच ठेवू आणि दोन महिन्यांनी रक्त द्या. एवढा उशीर कशाला, पंधरा दिवसात नाही का कळणार?

औषधवाला_परभणी
नाही कळणार. हे औषध शरीरातून फार हळू उतरतं, निम्मं व्हायलाच आठवडा लागतो. नवीन पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात आणि टीएसएच त्याच्याही मागून सरकतो. म्हणून ६ ते ८ आठवड्यांनीच तपासायचं.

पण या काळात एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा. आधी १०० मधलं थोडंच आत जात होतं, आता नीट जाईल, म्हणजे कदाचित १०० च जास्त होईल, कारण मुळात त्यांना ७५ पुरत होतं. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं, घाम जास्त, वजन उतरणं, असं काही दिसलं तर दोन महिने थांबू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. या वयात डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडं पण ठिसूळ होतात, आणि हाडांसाठीच तर कॅल्शियम चाललंय.

वसमतची_आशा
औषधवाले दादा, तुम्ही सांगता ते सगळं बरोबर आहे पण गावात अंतराचे एवढे नियम सांगितले की बाया गोळीच सोडून देतात हे पण बघा. मी आशाचं काम करते. गरोदर बायांना आम्ही लोहाच्या लाल गोळ्या देतो, रोज एक, १८० दिवस. कागदावर लोह रिकाम्या पोटीच चांगलं लागतं. पण रिकाम्या पोटी घेतली की मळमळ, उलटी, तोंडाला लोखंडाची चव, आणि मग ती गोळी उकिरड्यावर जाते, मी स्वतः उकिरड्यावर पट्ट्या बघितल्यात. म्हणून मी सांगते जेवून तास-दोन तास झाले की घ्या, तेही नाही सोसलं तर जेवल्यावर घ्या, थोडी कमी लागेल पण पोटात तर जाईल. दोनच गोष्टींवर मी अडून बसते, चहासोबत नाही आणि कॅल्शियमसोबत नाही. लिंबू पिळलेलं पाणी सोबत घेतलं तर अजून चांगलं. आणि संडास काळी होते ती लोहामुळं, घाबरू नका, हे आधीच सांगून ठेवते कारण त्यालाच घाबरून बऱ्याच जणी बंद करतात.

औषधवाला_परभणी
ताई, लोहाच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के मान्य. लोहात थोडं कमी-जास्त झालं तरी दिवस भरेपर्यंत भरून निघतं. थायरॉइडच्या गोळीला मात्र मी सूट देणार नाही, तिथं २५ मायक्रोग्रॅमच्या फरकाने रिपोर्ट बदलतो.

अंबाजोगाई_वहिनी
ताई आणि दादा दोघांनाही विचारते, माझ्या जावेला चौथा महिना चालू आहे. थायरॉइडची गोळी आहे, लोह आहे, कॅल्शियम दिवसातून दोनदा आहे. थायरॉइड आणि लोह ४ तास लांब, थायरॉइड आणि कॅल्शियम ४ तास लांब, लोह आणि कॅल्शियम पण लांब. मग दिवसात बसवायचं कसं? सध्या ती कधी कुठली घेते कुठली विसरते काही ताळमेळ नाही.

वसमतची_आशा
वहिनी, मी अशा बाईला असं लावून देते. सकाळी ६ ला थायरॉइड पाण्याने. ७ नंतर चहा-नाश्ता. दुपारी १ ला जेवताना पहिलं कॅल्शियम. ४ वाजता लोह. रात्री ८ ला जेवताना दुसरं कॅल्शियम.

अंबाजोगाई_वहिनी
४ वाजता घरात सगळ्यांचा चहा असतो ताई, तिला एकटीला नाही म्हणता येत नाही, मोठ्या माणसांसमोर गोळीचं काय सांगायचं म्हणून ती चहाच घेते आणि लोह राहून जातं.

वसमतची_आशा
मग चहा घेऊ द्या तिला. लोह रात्री झोपताना १० ला, जेवण आणि कॅल्शियम होऊन दोन तास झालेले असतात. झोपेत मळमळ पण कळत नाही. फक्त त्यावर दूध पिऊ देऊ नका, गरोदर बाईला झोपताना दूध द्यायची पद्धत असते ना, ते संध्याकाळी लवकर द्या.

औषधवाला_परभणी
बरोबर लावलंय ताईंनी. एकच जोडतो, गरोदरपणात थायरॉइडच्या औषधाची गरज वाढते, त्यामुळं वेळापत्रक नीट बसलं तरी टीएसएच दर ४ आठवड्यांनी बघायचा, निदान पाचवा महिना संपेपर्यंत. शेवटचा रिपोर्ट कधीचा आहे जावेचा?

अंबाजोगाई_वहिनी
लग्नाआधीचा आहे दादा. उद्याच नेते तिला.